परिकल्पना मांडताना तिसरा चल विसरू नका

‘मुंबईतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा लोकल प्रवास : एक अभ्यास’ हा विषय झाला, संशोधन समस्या नव्हे. पहिल्या प्रकल्पाचा आराखडा गाईडकडून लाल शाईने भरून परत येतो तो बहुधा इथेच. समस्या विधानात कोण, कुठले, कोणत्या काळातले आणि कशाचा कशाशी संबंध तपासायचा, एवढं आलंच पाहिजे. म्हणजे असं: ‘दादरच्या एका महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये, चालू सत्रात, घर ते कॉलेज प्रवासाला लागणारा वेळ आणि रात्रीची झोप यांचा संबंध आहे का?’ वाक्य रुक्ष वाटेल, वाटू द्या. पुढचं प्रत्येक प्रकरण याच वाक्यातून निघतं.

आता चल. ज्याची किंमत माणसागणिक बदलते तो चल. ज्याचा परिणाम होतो असा आपला अंदाज आहे तो स्वाश्रयी चल, इथे प्रवासाचा वेळ. ज्यावर परिणाम होतो तो आश्रयी चल, इथे झोप. परिकल्पना म्हणजे या दोघांच्या संबंधाबद्दल आधी लिहून ठेवलेलं आणि खोटं ठरू शकेल असं विधान: ‘ज्यांचा एकेरी प्रवास ६० मिनिटांपेक्षा जास्त, त्यांची सरासरी झोप इतरांपेक्षा कमी असते.’ तिची शून्य परिकल्पना अशी की दोन्ही गटांच्या सरासरी झोपेत फरक नाही. गृहीतक आणि परिकल्पना यांची मात्र गल्लत करू नका. ‘विद्यार्थी खरी उत्तरं देतील’ हे गृहीतक, ते आपण धरून चालतो. परिकल्पना आपण तपासतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

‘आधी फॉर्म भरून घ्या, परिकल्पना नंतर आकडे बघून बसवू’ हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, मग देणारा कितीही ज्येष्ठ असो. आकडे पाहून लिहिलेली परिकल्पना त्याच आकड्यांवर तपासली तर ती खरी ठरणारच. मग तपासलं काय? परिकल्पना तारीख घालून वहीत लिहा, गाईडची सही घ्या आणि मगच फॉर्म वाटा.

मोजमाप कसं करायचं तेही फॉर्म वाटण्याआधी ठरवा. प्रवास किलोमीटरमध्ये विचारू नका. बदलापूरहून फास्ट पकडणारा आणि गोवंडीहून गाडी बदलून येणारा यांच्या अंतरात जेवढा फरक दिसतो, तेवढा वेळेत असेलच असं नाही. घराच्या दारापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतची मिनिटं विचारा, शेअर रिक्षाची रांग धरून. ‘रोज सरासरी किती तास झोपता?’ असं विचारलंत तर निम्मे जण ७ लिहून मोकळे होतील. त्याऐवजी ‘काल रात्री किती वाजता झोपलात, आज किती वाजता उठलात?’ असं विचारा आणि वजाबाकी तुम्ही करा. फॉर्म मंगळवार ते गुरुवारमध्येच भरून घ्या, कारण सोमवारी रविवारच्या रात्रीची झोप मोजली जाते. गाडीत खिडकीला डोकं टेकून काढलेली डुलकी धरायची की नाही, हेही आधीच लिहून ठेवा.

नमुना घेताना व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकून बसू नका. हजेरीपटावर ६०० नावं असतील तर दर पाचवं नाव घ्या, १२० होतात. पहिल्या लेक्चरला फॉर्म वाटू नका. गाडी चुकल्यामुळे जे त्या वेळी वर्गात पोचलेलेच नसतात, त्यांच्यासाठीच तर हा अभ्यास आहे. आधी १० जणांवर प्रश्नावली चालवून बघा. जो प्रश्न दोघांनी दोन अर्थांनी घेतला तो बदला, आणि या दहांची उत्तरं मुख्य अभ्यासात धरू नका.

आता तो सापळा, ज्यात हाती आलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. समजा, १२० पैकी ६० जण कमी प्रवासाचे आणि ६० जास्त प्रवासाचे निघाले. (हे आकडे समजावण्यापुरते.) कमी प्रवासवाल्यांची सरासरी झोप ६.९ तास, जास्तवाल्यांची ६.३. फरक ०.६ तास, म्हणजे ३६ मिनिटं. दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी तो सार्थ दाखवते, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता फार कमी. ‘प्रवासामुळे झोप कमी होते’ असं लिहून प्रबंध बांधायला द्यावासा वाटतो.

थांबा. प्रश्नावलीत ‘अर्धवेळ नोकरी करता का?’ हा प्रश्न असेल तर आकडे त्यानुसार फोडून बघा. कमी प्रवासाच्या ६० पैकी १५ जण नोकरी करतात, जास्त प्रवासाच्या ६० पैकी ४०. नोकरी नसलेल्यांची झोप जवळच्यांत ७.२ तास, लांबच्यांत ७.१. नोकरी करणाऱ्यांची जवळच्यांत ६.०, लांबच्यांत ५.९. दोन्हीकडे फरक ०.१ तास, फक्त ६ मिनिटं. बाकीची ३० मिनिटं प्रवासाची नव्हतीच. लांबच्या गटात नोकरीवाले जास्त होते म्हणून त्या गटाची सरासरी खाली आली. यामागे बऱ्याचदा घरची आर्थिक स्थिती असते: शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून घर लांब, आणि त्याच कारणाने मुलाला संध्याकाळची नोकरी. दोन्ही चलांना हात लावणारा हा तिसरा चल. त्याचा प्रश्न फॉर्ममध्ये नसेल तर नंतर कोणतंही सॉफ्टवेअर तो शोधून देणार नाही.

म्हणून परिकल्पना लिहिल्या दिवशीच कागदावर दोन चलांची नावं लिहा, मध्ये बाण काढा आणि स्वतःला विचारा: या दोघांनाही ढकलणारं तिसरं काय असू शकेल? जे सुचेल त्याचा एकेक प्रश्न फॉर्ममध्ये घाला. दोन-तीन पुरतात, वीस घालायची गरज नाही.

याचं उलटं टोकही तितकंच घातक. उठण्याची वेळही तिसरा चलच म्हणून कोणी त्यानुसार गट पाडतो. पण लांबचा प्रवास झोप खातो तो पहाटे उठवूनच. उठण्याची वेळ बाणाच्या वाटेवर आहे, ती दोन्ही टोकांना बाहेरून ढकलत नाही. तिच्यानुसार गट पाडले तर खरा परिणामही पुसला जाईल. त्यामुळे प्रत्येक तिसऱ्या चलाबाबत आधी ठरवा: तो कारणाच्या आधी येतो, की कारण आणि परिणाम यांच्या मधे? आधीचा असेल तरच त्यानुसार गट पाडा.

परिकल्पना टिकली नाही म्हणून घाबरू नका, त्यासाठी गुण कापायचं काही कारण नाही. फक्त ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’ असं लिहू नका, ‘नाकारता आली नाही’ असं लिहा. नोकरी करणारे जवळचे जेमतेम १५ आहेत, एवढ्या लहान गटात लहानसा खरा फरक असला तरी सहज निसटतो. आणि योगायोगाची ही शक्यता ०.०५ च्या खाली असेल तरच फरक सार्थ, ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९२५ साली ती सोयीची म्हणून सुचवली. तेव्हा ०.०४९ आणि ०.०५१ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं लिहू नका.

शेवटच्या प्रकरणात फलित आणि निष्कर्ष वेगळे ठेवा. फलित म्हणजे जे मोजलं ते: ‘एकूण फरक ३६ मिनिटं, नोकरीनुसार गट केल्यावर ६ मिनिटं.’ निष्कर्ष म्हणजे त्याचा अर्थ: ‘या महाविद्यालयाच्या द्वितीय वर्षात झोपेतल्या फरकाचा मोठा भाग प्रवासापेक्षा अर्धवेळ नोकरीशी जोडलेला दिसतो.’ ‘मुंबईतील विद्यार्थी’ हे शब्द इथे येऊ देऊ नका, नमुना एका कॉलेजचा आहे.