फोटोवरून लूर, शिसे आणि रीळ ओळखताना होणाऱ्या चुका

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर देवगडजवळच्या खाडीत गरवणाऱ्या एका मित्राने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. जुन्या डब्यात सापडलेला, माशाच्या आकाराचा प्लास्टिकचा लूर, म्हणजे नकली आमिष, त्याने चिमटीत धरला होता आणि लूरचे तोंड थेट कॅमेऱ्याकडे होते. खाली प्रश्न होता, ‘हा उथळ पाण्यातला मिनो आहे ना? जिताड्याला चालेल?’ मिनो म्हणजे लांबट, बारीक माशासारखा लूर. तोंडाखालची लिप, म्हणजे लूरला पाण्याखाली नेणारी ती पारदर्शक पट्टी, फोटोत नखाएवढी दिसत होती, म्हणून मीही होकार दिला. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी, जेमतेम दीड मीटर पाण्यात, तिसऱ्याच फेकीला तो लूर कालवांच्या खडकात अडकला आणि तंगूस तुटून तिथेच राहिला. उत्तर चुकीचे माझे होते, पण चूक मुळात फोटोच्या कोनात होती.

लिप कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलेली असली की तिची लांबी फोटोत दबून जाते आणि फक्त रुंदी दिसते. त्यामुळे समोरून घेतलेल्या फोटोत तीन मीटर खोल जाणारा लूर आणि अर्ध्या मीटरवर पोहणारा लूर जवळजवळ सारखेच दिसतात. खोली ठरवायची तर लूर आडवा ठेवून बरोबर बाजूने फोटो घ्यावा लागतो आणि त्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे लिपचा कोन. ती जवळजवळ उभी, खाली वळलेली आणि आखूड असेल तर लूर उथळच राहतो. लांब आणि अंगाच्या रेषेतच पुढे आलेली असेल तर खोल बुडी मारतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोरी बांधायची कडी कुठे आहे. उथळ लूरमध्ये ती बहुधा नाकावर असते, तर खोल जाणाऱ्यात पुष्कळदा लिपच्याच वरच्या पृष्ठभागावर बसवलेली असते. मित्राच्या फोटोत ही कडी लिपवर होती. ती मला दिसली होती, पण तिचा अर्थ मी लावला नाही.

लिपच नसेल तर प्रश्न वेगळा होतो. कडी पाठीवर असेल तर तो बुडणारा, खेचताना थरथरणारा लूर असतो. तोंड आत खोलगट, वाटीसारखे कापलेले असेल तर तो पाण्याच्या पृष्ठभागावर फटकारे मारणारा पॉपर असतो. समोरून घेतलेल्या फोटोत ही वाटी आणि पेन्सिल नावाच्या लूरचे गोल नाक यांत गोंधळ होतो; तिरप्या उजेडात वाटीच्या कडेची सावली दिसली की शंका मिटते.

फोटोतून कधीच न कळणारी गोष्ट म्हणजे लूर तरंगतो की बुडतो. एकाच साच्यातून निघालेले दोन लूर आत घातलेल्या वजनावरून एक तरंगणारा आणि एक बुडणारा असू शकतो. बऱ्याच लूरच्या पोटावर बारीक अक्षरांत आकड्यापुढे एफ, एस किंवा एसपी असे छापलेले असते: तरंगणारा, बुडणारा आणि पाण्यातच थांबून राहणारा. म्हणून पोटाचा वेगळा फोटो मागावा. अक्षरे पुसली असतील तर गळ न काढता, जसा आहे तसा लूर बादलीत सोडून पाहणे हाच एक उपाय आहे. त्यातही नळाच्या पाण्यात स्थिर राहणारा लूर समुद्राच्या किंचित जड पाण्यात हळूहळू वर येतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी मोठी चूक आकाराची. तळहातावरच्या लूरकडे पाहून आपण बारा सेंटिमीटर म्हणतो, पण हात कोणाचा आणि कॅमेऱ्यापासून किती जवळ, हे माहीत नसते. फोटोत दुसरे काहीच नसेल तर गळांवरून थोडा अंदाज येतो: सात ते नऊ सेंटिमीटरच्या मिनोला बहुधा दोन तिहेरी गळ असतात, तर बारा-चौदा सेंटिमीटरच्या लांबट मिनोला पुष्कळदा तीन असतात. हा नियम नव्हे, फक्त खूण आहे. खात्री हवी तर दहा रुपयांचे नाणे शेजारी ठेवावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणे लूरच्याच पातळीवर असले पाहिजे. जमिनीवर ठेवलेले नाणे आणि त्याच्यावर दोन बोटे उंच धरलेला लूर यांची तुलना केली की लूर नेहमी मोठा ठरतो. फोटोही फोन अगदी जवळ नेऊन न घेता, हातभर मागे सरून, झूम करून घ्यावा. जवळून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडचे टोक फुगते.

लूरपेक्षा शिशाच्या, म्हणजे दोरी तळाशी नेणाऱ्या वजनाच्या, बाबतीत ही चूक जास्त महागात पडते, कारण तिथे लांबीच्या चुकीचा वजनावर घनाच्या प्रमाणात परिणाम होतो. एक उदाहरण घेऊ. फोटोत अंड्याच्या आकाराचे, मधून आरपार भोक असलेले शिसे आहे आणि नाण्याशी तुलना करता त्याची लांबी २५ आणि जाडी १५ मिलिमीटर निघाली. अशा आकाराचे घनफळ सुमारे २.९ घनसेंटिमीटर होते. त्यातून तीन मिलिमीटरच्या भोकाचे वजा केले की २.८ च्या आसपास उरते. शिशाची घनता ११.३ धरली तर वजन साधारण ३१ ग्रॅम येते. आता मोजताना लांबी-जाडी दोन्ही फक्त वीस टक्के जास्त धरली गेली, तर तेच शिसे ५० ग्रॅमच्या पुढे जाते. चाळीस ग्रॅमपर्यंतची फेक झेलणाऱ्या रॉडला पहिले सहज चालेल आणि दुसरे चालणार नाही. फोटोवरून रॉड ठरवण्याच्या आधी शिसे वाण्याच्या तराजूवर टाकायला काहीच हरकत नाही, आणि मी तेच सुचवतो.

शिशाचा फोटो पाठवून ‘यावर कोणता मासा मिळेल’ असे विचारणारे बरेच असतात. माझ्या मते हा प्रश्नच तिरका आहे. शिशाच्या आकारावरून तळ कसा असावा हे कळते, मासा नाही. चौकोनी पिरॅमिडच्या धारा वाळूत रुततात, म्हणून लाटांच्या वाळूकिनाऱ्यावर तो आमिष जागेवर धरतो. तोच खडकाळ जागी टाकला तर फटीत पाचर बसते. फोटोत पिरॅमिड बाजूने त्रिकोणी दिसतो आणि थेंबाच्या आकाराचे गुळगुळीत शिसेही ओझरते तसेच भासते. फरक कडीच्या जागेत आहे: पिरॅमिडची कडी रुंद, सपाट बाजूला असते आणि टोक मोकळे असते, तर थेंबाकृती शिशाचे भोक अरुंद टोकाला असते. हे थेंबाकृती शिसे दगडांवरून घरंगळते, अडकते कमी. अंडाकृती शिशाचा मात्र टोकाकडून फोटो मागावा लागतो, कारण भोक आरपार आहे की नाही यावरच सगळे अवलंबून आहे. आरपार भोकातून दोरी मोकळी सरकते आणि आमिष तोंडात घेणाऱ्या माशाला वजनाचा ताण लगेच जाणवत नाही. खाडीत शिंगाळ्यासाठी किंवा तांबोशीसाठी जिवंत कोळंबी लावताना याचा उपयोग होतो. आपल्याकडे शिशाऐवजी नट-बोल्ट बांधणारेही आहेत, तेव्हा फोटोतली प्रत्येक गंजकी वस्तू दुकानी असेल असे समजू नये.

लूर वापरलेला असेल तर त्याच्यावरचे ओरखडे फुकटची माहिती देतात, आणि तीही लोक चुकीची वाचतात. पोटाखाली आणि लिपच्या कडेला असलेले लांब, समांतर घासले बहुधा खडकाचे किंवा तळाचे असतात. पाठीवर आणि बाजूंवर काय आहे ते पाहावे. जिताड्याला सुळे नसतात; त्याच्या जबड्यात कानशीसारखे बारीक दात असतात, म्हणून त्याच्या तोंडातून आलेल्या लूरवर रंग मळकट, खरखरीत घासल्यासारखा होतो. तांबोशीला सुळे असतात, तिथे टोचल्यासारखी खोल भोके दिसतात. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी आणि धारदार. त्यांनी पाडलेल्या चिरा ब्लेडने कापल्यासारख्या सरळ असतात आणि मऊ प्लास्टिकचा लूर तर शेपटीकडे छाटलाच जातो. म्हणून अशा चिरा दिसणाऱ्या लूरसोबत कोणी ‘तंगूस थेट बांधू का’ असे विचारले, तर आधी तारेचा पुढचा तुकडा लावायला सांगावे. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. लूर तारलीसारखा चंदेरी रंगवला आहे म्हणून तो तारली खाणाऱ्या सगळ्या माशांचा होत नाही. तो कोणत्या खोलीवर आणि किती वेगाने चालतो, यावर कोणता मासा येईल हे ठरते.

रिळांबाबत थोडक्यात. रॉडवर न लावलेल्या रिळाचा फोटो उलटासुलटा असतो, म्हणून ‘रॉडच्या खाली लटकते की वर बसते’ ही नेहमीची खूण निरुपयोगी ठरते. त्याऐवजी स्पूलचा, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीचा, अक्ष पाहावा: रॉडला जोडायच्या पट्टीला तो समांतर असेल आणि पुढे तारेची कमान असेल तर स्पिनिंग रीळ, आडवा असेल तर मल्टिप्लायर किंवा बेटकास्टर. सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोत डावे-उजवे बदललेले असू शकते. स्पिनिंग रिळाची मूठ बहुधा दुसऱ्या बाजूला लावता येते, पण बेटकास्टरची नाही, तेव्हा ‘डाव्या हाताचे आहे का’ याचे उत्तर देण्याआधी त्यावरची अक्षरे उलटी तर नाहीत ना, हे पाहावे. आणि बाजूवर लिहिलेल्या ४००० सारख्या आकड्यावर विसंबू नये. वेगवेगळ्या कंपन्यांचे ४००० एकाच मापाचे नसतात. स्पूलच्या कडेवर दोरीची जाडी आणि लांबी छापलेली असते, त्या ओळीचा फोटो मागवला की रीळ किती मोठे आहे ते नेमके कळते.

मित्राने त्यानंतर पाठवलेल्या फोटोत असाच दुसरा एक लूर वर्तमानपत्रावर आडवा ठेवला होता, शेजारी नाणे होते आणि पोटाचा वेगळा फोटो होता. लिप लांब, कडी लिपवर, लांबी नऊ सेंटिमीटर, पोटावर एफ. मी त्याला भरतीच्या वेळी खाडीच्या मुखाजवळ, चार मीटर खोलीच्या धारेत तो टाकायला सांगितले, आणि मध्येच गुंडाळणे थांबवून लूरला स्वतःहून वर येऊ द्यायला सांगितले.