जुळ्यांसाठी गिफ्ट घ्यायचंय? आधी दोघींना वेगवेगळं विचारा

बहिणीच्या जुळ्या पोरींचा सातवा वाढदिवस जवळ येऊन राहिला म्हणून ही यादी लिहून ठेवते, ज्यांच्या घरात जुळी आहेत त्यांच्याही कामी येईल. सई आणि जुई म्हणू त्यांना. मागच्या वर्षी पहिलंच काम राहिलं होतं म्हणून तेच सगळ्यात आधी: दोघींना वेगवेगळं विचारा. वेगवेगळं म्हणजे एक दुसऱ्या खोलीत आहे असं नाही, एकीचं उत्तर दुसरीच्या कानावर पडायलाच नको.

कारण सांगते. बहुतेक जुळ्यांमध्ये एक जण बोलणारी असते, दोघींच्या वतीने तीच उत्तर देते. तुम्ही विचारलं "काय पाहिजे गं तुम्हाला?" की सई पटकन म्हणते "रंग!" आणि जुई म्हणते "मला पण." आता हे "मला पण" तीन प्रकारचं असू शकतं. तिला खरंच रंग पाहिजेत, किंवा सईला मिळालं आणि मला नाही असं व्हायला नको एवढंच तिला पाहिजे, किंवा तिला अजून विचार करायलाच वेळ मिळाला नाही. समोर दोघी बसल्या असताना यातलं कोणतं ते तुम्हाला कळूच शकत नाही. व्हिडिओ कॉलवर तर अजिबात विचारू नका, एका मोबाईलसमोर दोघी डोकं घालून बसतात आणि बोलणारीच बोलते.

मग कसं विचारायचं? एका दिवशी जुईला एकटीला घेऊन जा, नागपुरात असाल तर गोकुळपेठ मार्केटात भाजी आणायला न्या, फुटाळा तलावावर न्या, कुठेही, पण सईशिवाय. दुसऱ्या दिवशी सईला न्या, नाहीतर तिचा रुसवा वेगळा. आणि थेट "गिफ्ट काय पाहिजे" विचारू नका, सहा-सात वर्षांचं पोर टीव्हीवरच्या जाहिरातीतलं काहीतरी सांगून मोकळं होतं. "बहीण झोपलेली असते तेव्हा तू काय खेळते?" असं विचारा. जुईनं सांगितलं की ती अंगणात मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहत बसते, अंधार पडला की आईच्या मोबाईलचा टॉर्च मागते. रंगांचं नावही नाही! आणि घरचे सगळे, माझी बहीण पण, सांगून राहिले होते की दोघींना ड्रॉइंगचंच वेड आहे. आईबाबांना जरूर विचारा, पण त्यांच्या उत्तरावर थांबू नका, दोघींना ते दिवसभर सोबतच पाहतात. दोन दिवसांनी परत एकदा, परत एकटीला विचारा. तेच उत्तर आलं तर पक्कं.

आणि वेगवेगळं विचारून दोघींनी एकच वस्तू सांगितली, तर खुशाल एकच द्या. वेगळं द्यायचं म्हणून ओढूनताणून वेगळं देणं पण चुकीचंच, तेव्हा पण तुम्ही त्या पोरीकडे पाहत नाही, तिच्या बहिणीकडे पाहून ठरवता. फक्त मग दोघींना एकाच वेळी उघडायला लावा. एकीनं आधी उघडलं की दुसरीला तिच्या डब्यात काय आहे ते कळून जातं, आणि दरवेळी मागे राहणारीच मागे राहते.

आता खरेदी. सईला चोवीस रंगांचे ऑइल पेस्टल आणि जाड कागदाची मोठी वही. जुईला भिंग, टॉर्च आणि किडे ठेवून पाहायची झाकणाला भोकं असलेली बरणी. टॉर्च पेन्सिल सेलचा घ्या, झाकण स्क्रूनं बंद होणारा. बटणासारखे चपटे सेल असलेला नको, ते पोरांनी गिळले तर अन्ननलिका जळते, दवाखान्यात धावावं लागतं. भिंगातून सूर्याकडे पाहायचं नाही हे देतानाच सांगा. खेळण्यावर आयएसआय मार्क पाहा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी सीताबर्डीवर सुटी खेळणी विकली जातातच.

किंमत सारखी करायच्या मागे लागू नका. या वयात पोरं किंमत पाहत नाहीत, डबा केवढा आणि आत वस्तू किती ते पाहतात. सईचा डबा हातभर आणि जुईचा मुठीएवढा असला तर भिंग कितीही महाग असो, जुईला कमीच वाटणार. म्हणून दोन्ही सारख्या आकाराच्या खोक्यात टाका, आणि वस्तूंची संख्या जवळपास ठेवा. जुईच्या तीन झाल्या म्हणून सईच्यात एक शार्पनर टाकलं, झालं.

दोघींत मिळून एक गिफ्ट मात्र नको. "दोघी मिळून खेळा" म्हणून दिलेली वस्तू शेवटी बोलणारीचीच होते. सायकल, स्केट्स, रॅकेट हे तर दोन पाहिजेतच, कारण खेळायची वेळ एकच असते. तिथे वस्तू सारखी, पण रंग जिचा तिनं निवडायचा, आणि हे पण कसं विचारायचं? वेगवेगळं! सईनं गुलाबी म्हटलं की जुईचं उत्तर तिथंच ठरून जातं.

एक सावधगिरी अजून. सई चित्रं काढणारी आणि जुई किडे पाहणारी असा शिक्का मारून बसू नका. पुढच्या वर्षी परत कोऱ्या पाटीनं विचारायचं. एकदा ठरवलं की मावश्या-आत्या सगळ्या सईला रंगच देत राहतात, आणि जुईला कधी ब्रश हातात घ्यावा वाटला तर तो सईचा प्रांत होऊन बसतो. बाकी नातेवाइकांना फोन करून आधी सांगा, पण "सईला रंग द्या" असं सांगू नका, "विचारून द्या, एकटीला विचारून" असं सांगा.

पॅकिंग: कागद वेगळा, कार्डं दोन, त्यावर एकेकीचंच नाव आणि मजकूर पण वेगळा. "सई-जुईला" असं एका कार्डावर लिहायचं नाही. सारख्या दिसणाऱ्या असल्या तर देताना नाव नीट ओळखा, ओळखू येत नसेल तर आईला आधी विचारून ठेवा, चुकीच्या हातात दिलं तर सगळं वाया.

देताना केक दोन असले तर बरं, नाहीतर गाणं तरी दोनदा, एकेक नाव घेऊन. दोघींनी एकदम उघडायचं. "कोणाचं जास्त छान आहे?" कोणी विचारायला नको, आजोबांना आधीच सांगून ठेवा.

नंतर: वस्तूंवर मार्करनं नाव. पहिले काही दिवस शेअर करायची सक्ती नाही, दुसरीनं मागितलं तर मालकिणीला विचारायचं.

आणि हेच तान्ह्या पोळ्याला पण. लाकडी नंदी दोन, लहान चालतील पण दोन, सजावटीचं सामान एकेकीला एकटीला नेऊन निवडू द्या. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या पोरांना देतात ते पैसे, तो पण दोघींच्या हातात वेगवेगळा द्या, एकीच्या हातात "दोघींचा" म्हणून नको.