टीव्हीच्या कीबोर्डवर पासवर्ड टाकताना: शिफ्ट, चिन्हांची पानं आणि ठिपक्यांचा हिशेब

फोनवर एका झटक्यात चालणारा वाय-फायचा पासवर्ड टीव्हीवर मात्र तीन-तीन वेळा नाकारला जातो. टीव्ही बिघडलेला नसतो आणि राउटरही. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधताना आपलं लक्ष अक्षरांवर असतं आणि कीबोर्ड त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे कॅपिटल की स्मॉल, अक्षरांचं पान की चिन्हांचं, हे नजरेतून सुटतं. त्यात टाकलेलं अक्षर ठिपक्याआड जातं, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली तेही कळत नाही. गेम कन्सोलवरही हाच प्रकार, फक्त रिमोटच्या जागी कंट्रोलर.

घाईघाईने परत परत टाकण्यापेक्षा एकदाच पद्धतशीर टाकलेला बरा. उदाहरणाला हा पासवर्ड घेऊ:

```
Rk7@paL_20m
```

आधी कागदावर

पासवर्ड एका ओळीत लिहा आणि कीबोर्डची अवस्था जिथे बदलते तिथे उभी रेघ मारा. आपल्या उदाहरणात R कॅपिटल, मग k स्मॉल, मग `7@`, मग स्मॉल `pa`, पुन्हा कॅपिटल L, मग `_20` आणि शेवटी स्मॉल m. एकूण अक्षरं 11 आणि तुकडे 7. हे दोन्ही आकडे बाजूला लिहून ठेवा. 11 तर पुढे फारच कामाला येणार आहे.

याच वेळी संशयास्पद अक्षरांची ओळख पटवून घ्या. `20` मधलं शून्य आहे की O अक्षर? `_` ही खालची रेघ आहे की मधली `-`? दोन्ही चिन्हं अनेक कीबोर्डांवर शेजारीशेजारी असतात आणि टीव्हीपासून चार हात लांब बसून पाहिलं तर सारखीच वाटतात. स्मॉल l, कॅपिटल I आणि 1 या तिघांनी तर कित्येकांना रडवलंय. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवरून पासवर्ड उतरवला असेल तर त्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर वाय-फाय शेअर करताना क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड स्पष्ट दिसतो, तिथून खात्री करून घ्या. इथे स्पेस, मोठी लिपी, लहान लिपी, सगळ्याला किंमत आहे: `rk7@pal_20m` हा राउटरच्या लेखी वेगळाच पासवर्ड.

आपला कीबोर्ड कसा वागतो ते पाहा

प्रत्येक कंपनीचा कीबोर्ड वेगळा वागतो, म्हणून दोन मिनिटं घालवून त्याचा स्वभाव जाणून घ्यावा. टीव्हीवर जिथे लिहिलेलं उघड दिसतं असा चौकोन उघडा, सर्चचा चालेल. तिथे पूर्ण पासवर्ड टाकू नका, कारण काही ॲप शोधलेले शब्द साठवून ठेवतात. दोन-तीन अक्षरं पुरेशी आहेत, आणि ती शोधायचा आदेश न देता पुसून टाका.

पहिली तपासणी शिफ्टची. शिफ्ट एकदा दाबून p दोनदा टाका. `Pp` आलं तर शिफ्ट एकाच अक्षरापुरतं चालतं आणि आपोआप उतरतं. `PP` आलं तर ते चढलेलंच राहतं, म्हणजे तुम्हालाच उतरवावं लागेल. अनेक कीबोर्डांवर शिफ्ट एकदा दाबलं की एक अक्षर, लागोपाठ दोनदा दाबलं की कायमचं कॅपिटल, आणि आणखी एकदा दाबलं की परत स्मॉल. शिफ्टच्या बाणाचा रंग किंवा त्याखालची छोटी रेघ पाहून फरक कळतो. बहुतेक ठिकाणी बटणांवरची अक्षरंही त्याप्रमाणे लहान-मोठी होतात. काही कीबोर्ड मात्र बटणांवर कायम कॅपिटलच दाखवतात आणि उमटतं स्मॉल. तिथे बटणाकडे पाहून काहीच कळणार नाही, उमटलेलं अक्षरच पाहावं लागेल.

दुसरी तपासणी चिन्हांच्या पानाची. `?123` किंवा तत्सम बटणाने पान उघडा, `@` टाका आणि पाहा: कीबोर्ड तिथेच थांबतो की स्वतःहून अक्षरांवर परततो? तिथेच `_` आहे का, की त्यासाठी `#+=` किंवा `1/2` असं लिहिलेल्या बटणाने दुसरं पान उघडावं लागतं, तेही बघून घ्या. काही कीबोर्डांवर आकड्यांची ओळ अक्षरांच्या वरच कायम असते. मग 7 साठी पान बदलायची गरजच नाही.

या तपासणीला एक मर्यादा आहे. साध्या चौकोनात पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, पासवर्डच्या चौकोनात ते बहुधा होत नाही. सगळेच कीबोर्ड हा फरक पाळतात असं नाही. म्हणून खरा पासवर्ड टाकायला घेताना पहिल्या अक्षराआधी शिफ्टकडे पाहायचंच. शिफ्ट आधीच पेटलेलं असेल आणि तुम्ही सवयीने ते पुन्हा दाबलंत, तर एक तर ते विझेल किंवा कुलूपबंद होईल, आणि पासवर्ड सुरुवातीलाच फसेल.

आता टाकायला घ्या

पासवर्डच्या चौकोनाजवळ डोळ्याचं चिन्ह किंवा पासवर्ड दाखवा असा पर्याय असेल तर तो आधी चालू करा. खोलीत कोण बसलंय ते तेवढं पाहा. घरच्या वाय-फायचं ठीक आहे, पैशाशी जोडलेल्या खात्याचं तसं नाही. हा पर्याय चालू असेल तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

मग रेघांप्रमाणे तुकड्यातुकड्याने जा. शिफ्ट, R. शिफ्ट उतरलं का ते पाहा, नसेल तर उतरवा, आणि k. चिन्हांचं पान, 7, `@`. परत अक्षरांवर या आणि इथे क्षणभर थांबा: परतल्यावर कीबोर्ड स्मॉलमध्येच आहे ना? मग p, a. शिफ्ट, L. आणि लगेच चिन्हांचं पान. L नंतर थेट चिन्हं आहेत म्हणून शिफ्ट उतरलं की नाही हे तपासायचं राहून जातं, आणि चढलेलं शिफ्ट थेट शेवटच्या m ला M करून टाकतं. या पासवर्डची सगळ्यात फसवी जागा तीच. शिवाय काही कीबोर्डांवर शिफ्ट चढलेलं असेल तर आकड्यांच्या ओळीवर आकड्याऐवजी चिन्ह उमटतं.

बटण दाबून धरू नका. बऱ्याच कीबोर्डांवर ओके जरा जास्त वेळ दाबलं की तेच अक्षर पुन्हा उमटतं किंवा é, ñ यांसारख्या अक्षरांची पट्टी उघडते. टीव्ही मंद असेल तर एक ठिपका उमटल्यावरच पुढे सरका. दाबलेलं पोचलं नाही असं वाटून आपण पुन्हा दाबतो आणि अक्षर दोनदा पडतं. कीबोर्डवर सुचवलेल्या शब्दांची पट्टी दिसली तर तिला हात लावू नका, तिथून शब्द घेतला की मागे स्पेस चिकटते. आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर पृथ्वीगोलाच्या बटणाने तो इंग्रजीवर आणा.

कन्सोलवाल्यांना एक सोय आहे. पुसणं आणि स्पेस यांसाठी कर्सर तिथपर्यंत न्यावा लागत नाही, कंट्रोलरची बटणं थेट चालतात. प्लेस्टेशनवर चौकोन पुसतो आणि त्रिकोण स्पेस देतो. निन्टेन्डो स्विचवर B पुसतो आणि Y स्पेस देतो. म्हणजेच अंगठा घसरून त्रिकोण किंवा Y दाबला गेला तर पासवर्डमध्ये न दिसणारी स्पेस शिरते.

जोडण्याआधी ठिपके मोजा

पासवर्ड झाकलेलाच असेल तर ही पायरी सोडू नका. कनेक्ट दाबण्याआधी ठिपके मोजा. 11 हवेत.

12 आले तर एक अक्षर दोनदा पडलंय किंवा कुठेतरी स्पेस शिरलीय. 10 आले तर एखादं दाबणं पोचलेलंच नाही. दोन्ही वेळी सगळं पुसून नव्याने टाकणं हे मध्येच शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं. ठिपके बरोबर 11 आणि तरीही नकार आला, तर अक्षरांची संख्या चुकलेली नाही, अवस्था चुकलीय: R, L किंवा m ची लिपी, नाहीतर `_` च्या जागी `-`, नाहीतर शून्याच्या जागी O. पुढच्या वेळी फक्त त्या चार-पाच जागांवर लक्ष द्या. खात्याचा पासवर्ड असेल तर दोन-तीन नकारांनंतर थांबा, बरेचसे ॲप लागोपाठच्या चुकांनंतर खातं काही वेळ बंद करतात. तिथे टीव्हीवर कोड दाखवून फोनवरून लॉगिन करायचा पर्याय असतो, तो आधी शोधावा.

तरीही जमत नसेल तर

टीव्हीच्या किंवा कन्सोलच्या यूएसबी जागेत संगणकाचा साधा कीबोर्ड लावून पाहा. अनेक उपकरणं तो लगेच ओळखतात आणि पानं बदलायची कटकटच संपते. फक्त उपकरणात कीबोर्डची भाषा अमेरिकन इंग्रजी आहे की ब्रिटिश ते पाहा, कारण त्या दोघांत `@` आणि `"` यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात.

एक शक्यता अशीही असते की टाकणं निर्दोष आहे आणि अडचण भलतीकडेच आहे. फोन त्या नेटवर्कमधून काढून, पासवर्ड कागदावरून हाताने टाकून जोडून पाहा. फोन जोडला गेला आणि टीव्ही ठिपके जुळूनही नाही म्हणतोय, तर राउटरची सुरक्षा फक्त WPA3 वर ठेवलेली आहे का ते तपासा. जुनी उपकरणं तिला जोडली जात नाहीत. राउटरमध्ये WPA2 आणि WPA3 दोन्ही चालणारा पर्याय निवडला की काम होतं.

माझ्या मते, ज्या घरात टीव्ही आणि कन्सोल वारंवार जोडावे लागतात तिथे पासवर्डच बदलावा. वाय-फायचा पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा असू शकतो आणि त्यात चिन्हं असलीच पाहिजेत अशी त्याची अट नाही. यादृच्छिक निवडलेली 14 स्मॉल अक्षरं ही अक्षरं-आकडे-चिन्हं मिसळलेल्या यादृच्छिक 10 अक्षरांइतकीच भक्कम असतात, आणि ती टाकताना शिफ्टही लागत नाही की चिन्हांचं पानही. घरातली सगळी उपकरणं नव्याने जोडायचा कंटाळा असेल तर असा पासवर्ड राउटरच्या गेस्ट नेटवर्कला देऊन टीव्ही त्यावर जोडता येतो, पण अनेक राउटर गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवतात, त्यामुळे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवणं तेव्हा चालत नाही.