फोटोतला शिक्रा: आधी वय, मग नर-मादी

मुंबईत घारीखालोखाल सहज दिसणारा शिकारी पक्षी म्हणजे शिक्रा. सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षावर, आरेच्या रस्त्याकडेला, भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवरच्या तारेवर, कधी चक्क एसीच्या बाहेरच्या युनिटवर तो बसतो. खारी एकदम कर्कश ओरडू लागल्या की वर बघायचं. चांगली गोष्ट अशी की तो बराच वेळ एका जागी बसतो, त्यामुळे साध्या झूमच्या कॅमेऱ्यातही बरा फोटो मिळतो. मग तो फोटो ग्रुपवर पडतो आणि पहिला प्रश्न येतो, "नर की मादी?"

हा प्रश्न दुसरा असायला हवा. शिक्र्याच्या बाबतीत नर-मादी ओळखण्याच्या ज्या खुणा आहेत, त्या सगळ्या वयाबरोबर बदलतात. वय न ठरवता लिंग सांगायला गेलात की हटकून फसगत होते.

फोटो मूळ स्वरूपात मिळवा

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि फोटो कधी काढला ती तारीखही त्यातून निघून जाते. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तारीख इथे फार कामाची आहे. शिक्र्याची वीण आपल्याकडे साधारण मार्च ते जून. त्यामुळे ऑगस्टमधलं पिल्लू काही महिन्यांचं असतं, आणि तसाच पिसारा फेब्रुवारीत दिसला तर तो पक्षी वर्षाचा व्हायला आला आहे असं समजायचं.

एकच फोटो पुरत नाही. समोरून एक, पाठीचा एक आणि जमल्यास उडतानाचा एक मागा. मागच्या बाजूचा फोटो लोक ‘चेहरा आला नाही’ म्हणून डिलीट करतात, आणि वयाचा निम्मा पुरावा तिथेच असतो.

शिक्राच आहे ना?

पावशा हा कोकीळ कुळातला पक्षी शिक्र्यासारखा दिसतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गंमत पुढे आहे. मोठ्या पावशाच्या पोटावर मोठ्या शिक्र्यासारखे आडवे पट्टे असतात, आणि पावशाच्या पिल्लाच्या पोटावर शिक्र्याच्या पिल्लासारखे उभे फराटे! म्हणजे वय बदललं तरी नक्कल सुटत नाही. म्हणून पोट सोडून चोच आणि पाय बघा. शिक्र्याची चोच बुडापासूनच खाली वळलेली, आखूड, आणि तिच्या बुडाशी पिवळी मेणासारखी त्वचा असते. पावशाची चोच त्यामानाने सरळ व सडपातळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नख्या दणकट. पावशाचे पाय आखूड, फांदीवर जेमतेम दिसणारे.

दुसरा घोटाळा बेसऱ्याचा, म्हणजे शिक्र्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी एका शिकारी पक्ष्याचा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या दाट झाडीत मिळू शकतो. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण तो वयाच्या प्रश्नातच आडवा येतो.

वय: रेघा उभ्या की आडव्या

फोटो मोठा करून छातीवर थांबा. पिल्लाच्या छातीवर तपकिरी रंगाचे उभे फराटे असतात, थेंब ओघळल्यासारखे. कुशीकडे आणि मांड्यांवर ते आडवे होऊ लागतात, पण छातीच्या मध्यभागी उभेच. मोठ्या पक्ष्याची छाती आणि पोट दोन्ही बारीक, तांबूस, आडव्या पट्ट्यांनी भरलेलं असतं. इतकं पाहूनच निम्म्याहून अधिक फोटोंचं वय ठरतं.

आता पाठ. पिल्लाची पाठ तपकिरी आणि पंखांवरच्या छोट्या पिसांना तांबूस किनार असते. ही किनार सगळीकडे एकसारखी असते, कारण घरट्यात असताना ही सगळी पिसं एकदमच उगवलेली असतात. त्यांची झीजही एकदमच होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीनंतर उन्हाने आणि घासून किनार जवळजवळ नाहीशी होते आणि पाठ नुसतीच फिकट तपकिरी दिसते. अशा पक्ष्याला लोक झटकन ‘मादी’ म्हणून मोकळे होतात, कारण मादीची पाठ तपकिरी छटेची असते हे कुठेतरी वाचलेलं असतं. छातीकडे परत जा. तिथे उभे फराटे असतील तर पाठीच्या रंगावरून मादी ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही.

पुढच्या वर्षी हा पिसारा झडतो आणि मोठ्या पक्ष्याचा येतो. पण एका रात्रीत नाही. यात काही महिने जातात. या काळातला पक्षी ठिगळं लावल्यासारखा दिसतो: राखाडी पाठीवर मधूनच एखादं जुनं, तपकिरी, कडेने विरलेलं पीस. छातीवर आडवे पट्टे आलेले, पण गळ्याखाली चार-दोन जुने फराटे राहिलेले. उडतानाचा फोटो असेल तर पंखाच्या टोकाकडची लांब पिसं बघा. ती आतून बाहेर या क्रमाने बदलतात, म्हणून आतली नवी, गडद, धारदार कडांची आणि सगळ्यात बाहेरची जुनी, फिकट, टोकाला झिजलेली दिसतात. मध्ये एखादी फट असेल तर तिथलं पीस गळून नवं वाढतं आहे.

डोळा पाहण्याआधी शेपटीखालचा पांढरा रंग पाहा

वय ‘प्रौढ’ असं पक्कं ठरलं, तरच लिंगाकडे वळायचं. प्रौढ नराची पाठ स्वच्छ निळसर राखाडी, डोळा लाल, पोटावरचे पट्टे नाजूक. मादीच्या पाठीत तपकिरी झाक, डोळा पिवळा ते नारिंगी, पट्टे थोडे जाड. वाचायला सोपं आहे. अडचण अशी की यातल्या दोन खुणा रंगाच्या आहेत, आणि फोटोतला रंग हा पक्ष्याइतकाच उजेडाचाही असतो.

सकाळच्या पिवळ्या उन्हात नराची निळसर पाठ तपकिरी दिसते. दाट पानांखाली राखाडी रंगावर हिरवट छटा येते. मोबाइल तर स्वतःच रंग भडक करून ठेवतो. यावर सोपा उपाय पक्ष्याच्या अंगावरच आहे. शिक्र्याच्या शेपटीच्या बुडाखालची पिसं पांढरी असतात. फोटोत ती पांढरीच दिसत असतील तर बाकीच्या रंगांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती पिवळट किंवा हिरवट दिसत असतील तर पाठीचा आणि डोळ्याचा रंग तेवढ्याच प्रमाणात खोटा आहे. फोटो दुरुस्त करायचा असेल तर एडिटरमध्ये उजेडाचा रंग जुळवण्याची सोय वापरून ही पिसं पांढरी होईपर्यंतच सरकवा, त्यापुढे नाही.

आणि डोळ्यातली मुख्य गोम: पिल्लाचा डोळा, नर असो वा मादी, पिवळाच असतो आणि वयाबरोबर गडद होत जातो. म्हणजे नारिंगी-पिवळा डोळा प्रौढ मादीचाही असू शकतो आणि लाल होण्याच्या वाटेवरच्या तरुण नराचाही. स्पष्ट गर्द लाल डोळा आणि स्वच्छ निळसर पाठ एकत्र दिसली तर नर म्हणा. पिवळ्या डोळ्यावरून मात्र एवढ्यात काही म्हणू नका.

एक फोटो, शेवटपर्यंत

आमच्या शेजारच्या काकांनी मुलुंडच्या त्यांच्या गॅलरीतून सप्टेंबरच्या शेवटी काढलेले दोन फोटो दाखवले. "मादी आहे. डोळा बघ, पिवळा," ते म्हणाले.

"काका, आधी छाती बघू या."

छाती मोठी केली. पोटावर आडवे तांबूस पट्टे, व्यवस्थित. पण वरच्या छातीवर, गळ्याच्या खाली, पाच-सहा उभे तपकिरी फराटे. इथे बेसऱ्याची शंका घ्यायलाच हवी, कारण मोठ्या बेसऱ्याच्या छातीवरही मध्यभागी उभे फराटे आणि खाली आडवे पट्टे असतात. फरक गळ्यावर. बेसऱ्याच्या गळ्याच्या मधोमध एक जाड, काळपट उभी रेघ असते, लांबूनही दिसते. काकांच्या पक्ष्याच्या गळ्यावर फक्त एक पुसट, बारीक रेघ होती. शिक्राच.

पाठीच्या फोटोत वरचा भाग राखाडी, पण पंखावर तीन तपकिरी पिसं वेगळी उठून दिसत होती, कडा विरलेल्या. फोटो सप्टेंबरचा, म्हणजे यंदाच्या पिल्लाच्या अंगावर अजून राखाडी पिसं यायची नाहीत. त्याचा पिसारा या महिन्यात पूर्ण तपकिरी, ताज्या तांबूस किनारीचा असायला हवा. तेव्हा हा गेल्या वर्षीच्या विणीतला, साधारण सव्वा वर्षाचा पक्षी, पिसारा बदलत आणलेला.

आता डोळा. शेपटीखालची पिसं फोटोत पांढरी होती, त्यामुळे रंग खरा. डोळा नारिंगीकडे झुकलेला पिवळा. सव्वा वर्षाच्या मादीचा असाच असतो, आणि सव्वा वर्षाच्या नराचाही असू शकतो. पाठीच्या नव्या राखाडी पिसांत किंचित तपकिरी झाक वाटत होती, पण जुनी पिसं मध्ये मिसळलेली असताना त्यावर वजन टाकण्यात अर्थ नाही.

"मग लिहू काय?" काका जरा हिरमुसले.

"शिक्रा, दुसऱ्या वर्षातला, लिंग अनिश्चित."

"आकारावरून नाही सांगता येणार? चांगली थोराड वाटत होती."

मादी नरापेक्षा मोठी असते हे खरं, पण एकट्या पक्ष्याच्या फोटोत आकार मोजायला काही नसतं. झूम जास्त म्हणून पक्षी मोठा, पिसं फुलवलेली म्हणून गुबगुबीत. बाजूच्या फांदीची जाडीही माहीत नसते. आकार उपयोगी पडतो तो जोडी एकाच फांदीवर, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर बसली तर. काकांच्या गॅलरीसमोरच्या झाडावर ती संधी फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळू शकते, जोड्या जमू लागतात तेव्हा. दोघं शेजारी बसलेले मिळाले तर एकाच फ्रेममध्ये पूर्ण अंगासकट घ्या, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि डोळ्यांचे क्लोजअप नंतर.