फोटोतल्या ग्राफवरून सर्वांत लहान मार्ग काढताना या चुका टाळा

फळ्यावरील किंवा प्रश्नपत्रिकेतील ग्राफचा फोटो समोर ठेवून दोन नोडमधील सर्वांत लहान मार्ग डायक्स्ट्रा यांच्या रीतीने हाताने काढायचा असतो, तेव्हा उत्तर दोन ठिकाणी बिघडू शकते. फोटोतून कडा आणि त्यांचे भार उतरवून घेताना जी चूक होते ती पुढील सगळ्या गणितात मुरते आणि कुठेही डोके वर काढत नाही. नोडना लेबले देताना होणारी चूक मात्र, पडताळा कसा घ्यायचा हे माहीत असेल तर, पकडता येते. दोन्ही प्रकार एकाच उदाहरणावर पाहणे सोयीचे आहे.

ग्राफमध्ये सहा नोड आहेत असे धरू. डावीकडे अ, उजवीकडे फ, मध्ये वरच्या ओळीत ब आणि ड, तर खालच्या ओळीत त्यांच्या बरोबर खाली क आणि इ. कडांचे भार असे आहेत: अ–ब ४, अ–क ६, ब–क १, ब–ड ७, क–इ ७, ब–इ ९, क–ड ८, ड–इ २, ड–फ ६, इ–फ ४. यातील ब–इ आणि क–ड या तिरक्या कडा एकमेकींना मधोमध छेदतात. आपल्याला अ पासून फ पर्यंतचा सर्वांत लहान मार्ग हवा आहे.

फोटो वाचताना

पहिली चूक म्हणजे फोटोकडे पाहत थेट लेबले द्यायला सुरुवात करणे. आधी वर दिली आहे तशी कडांची यादी कागदावर उतरवावी आणि नंतर फोटो बाजूला ठेवून केवळ यादीवरून काम करावे. यादी पुरी झाली की नाही हे मोजून पाहता येते. फोटोत प्रत्येक नोडला किती रेषा येऊन मिळतात ते मोजावे: येथे अ आणि फ ला प्रत्येकी २, बाकीच्या चारांना प्रत्येकी ४, म्हणजे एकूण २०. प्रत्येक रेषेला दोन टोके असल्यामुळे ही बेरीज कडांच्या संख्येच्या दुप्पट असलीच पाहिजे. यादीत १० कडा आहेत, तेव्हा हिशेब जुळतो. तो जुळत नसेल तर एखादी कड गळली आहे किंवा दोनदा लिहिली गेली आहे. बाण असलेल्या ग्राफमध्ये बाहेर जाणारे आणि आत येणारे बाण वेगवेगळे मोजावेत; दोन्ही बेरजा कडांच्या संख्येइतक्या यायला हव्यात.

मात्र या मोजणीने आकडा बरोबर वाचला आहे की नाही, हे कळत नाही. इंग्रजी अंकांतील एक आणि सात हाताने लिहिलेले असले की फोटोत सारखे दिसतात, आणि कागद उलटा धरून काढलेल्या फोटोत सहा आणि नऊ यांची अदलाबदल होते. आपल्या उदाहरणात ब–क चा १ हा ७ असा वाचला गेला तर काय होते ते पाहावे. क चे लेबल ५ ऐवजी ६ होते, फ चे लेबल १६ ऐवजी १७ येते, आणि १७ लांबीचे चार वेगवेगळे मार्ग निघतात. यात कुठेही खटकण्यासारखे काही नाही. उत्तर दिसायला अगदी रीतसर आहे आणि तरीही ते चूक आहे. म्हणून संशयास्पद अंक शेजारच्या अंकांशी ताडून पाहावा: त्याच हस्ताक्षरातील दुसरा एक आणि दुसरा सात कसा काढला आहे, याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

छेदणाऱ्या कडा ही दुसरी अडचण. जेथे दोन रेषा छेदतात तेथे वर्तुळ आणि नाव नसेल तर तो नोड नव्हे, आणि तेथून मार्ग वळवता येत नाही. त्या जागेजवळ लिहिलेले दोन आकडे कोणाचे, हा प्रश्न अधिक त्रासदायक असतो. ब–इ चा ९ आणि क–ड चा ८ यांची अदलाबदल झाली तर लांबी १६ च राहते, पण अ–ब–इ–फ हाही १६ चा मार्ग असल्याचा भास होतो. आकडा छेदबिंदूपासून दूर, रेषेच्या ज्या भागाला लागून लिहिला असेल तेथून रेषा दोन्ही टोकांपर्यंत बोटाने शोधत न्यावी. छेदबिंदूपाशी बसून अंदाज करू नये.

तिरकस कोनातून काढलेल्या फोटोत जवळच्या रेषा लांब आणि दूरच्या आखूड दिसतात, आणि त्यामुळे काही विद्यार्थी नकळत ‘जवळचा’ वाटणारा मार्ग आधी निवडून मग त्याला साजेशी लेबले देतात. रेषेच्या लांबीला येथे काहीही अर्थ नाही. एड्सगर डायक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये ही पद्धत सुचली तेव्हा त्यांच्या मनात रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा प्रश्न होता. पण १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील रीत नकाशा पाहत नाही, ती केवळ कडेवरच्या संख्येची बेरीज करते.

लेबले देताना

रीत थोडक्यात अशी आहे. सुरुवातीच्या नोडला ० हे कायम लेबल द्यावे. जो नोड नुकताच कायम झाला आहे त्याच्या प्रत्येक शेजाऱ्यासाठी त्या नोडचे लेबल अधिक कडेचा भार ही बेरीज करावी, आणि ती शेजाऱ्याच्या सध्याच्या तात्पुरत्या लेबलाहून लहान असेल तरच जुने लेबल खोडून नवे लिहावे. लेबलाशेजारी ते कोणत्या नोडवरून आले त्याचे नावही लिहावे. मग सगळ्या तात्पुरत्या लेबलांतील सर्वांत लहान लेबल कायम करून पुन्हा तेच करावे.

उदाहरणात अ वरून ब ला ४ आणि क ला ६ मिळतात. ब हा ४ वर कायम होतो. त्याच्यावरून क ला ४ + १ = ५ मिळतात, म्हणून ६ खोडून ‘५, ब वरून’ असे लिहायचे; ड ला ११ आणि इ ला १३ मिळतात. आता क हा ५ वर कायम होतो. त्याच्यावरून इ ला १२ मिळतात, जे १३ हून लहान आहेत, म्हणून इ चे लेबल ‘१२, क वरून’ होते. ड ला क वरून १३ मिळतात, पण तेथे ११ आधीच आहेत, म्हणून ते तसेच राहतात.

बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. आपण क वर उभे आहोत, क वरून नुकतेच इ चे लेबल सुधारले आहे, म्हणून पुढे इ कडे जावेसे वाटते. परंतु निवड शेवटच्या नोडच्या शेजाऱ्यांतून करायची नसते, सगळ्या तात्पुरत्या लेबलांतून करायची असते. आणि त्यांत सर्वांत लहान लेबल ड चे ११ आहे. या ग्राफमध्ये इ आधी कायम केला तरी अंतिम उत्तर सुदैवाने तेच येते, आणि म्हणूनच ही सवय सहज लक्षात येत नाही. ब–ड चा भार ७ ऐवजी ४ असता तर ड ला ८ मिळाले असते आणि ड वरून इ ला १० मिळाले असते. घाईने १२ वर कायम केलेला इ तेव्हा सरळ चुकला असता.

पुढे ड हा ११ वर कायम होतो आणि फ ला प्रथमच लेबल मिळते: १७, ड वरून. इ ला ड वरून १३ मिळतात, ते १२ हून मोठे असल्याने सोडून द्यायचे. फ ला लेबल मिळाले म्हणून येथे थांबणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ते लेबल अजून तात्पुरते आहे, आणि इ चे १२ हे १७ हून लहान असल्यामुळे इ वरून आणखी चांगला मार्ग येण्याची शक्यता उरलेली आहे. तसे होतेही: इ कायम झाल्यावर फ ला १२ + ४ = १६ मिळतात. आता तात्पुरते लेबल एकटे फ चेच उरले, ते कायम होते, आणि तेव्हाच थांबायचे.

मार्ग लिहितानाही एक सापळा आहे. नोड कायम होण्याचा क्रम अ, ब, क, ड, इ, फ असा आहे, म्हणून तोच मार्ग आहे असे समजून लिहिणारे पुष्कळ असतात. त्या मार्गाची लांबी ४ + १ + ८ + २ + ४ = १९ भरते, १६ नव्हे. मार्ग नेहमी शेवटाकडून मागे शोधायचा: फ इ वरून, इ क वरून, क ब वरून, ब अ वरून. सरळ लिहिला तर अ–ब–क–इ–फ. ड त्यात येतच नाही. लेबलाशेजारी ‘कुठून’ हे लिहिलेले नसेल, किंवा आकडा सुधारताना ते नाव सुधारायचे राहून गेले असेल, तर हा शोध खुंटतो; म्हणून दोन्ही नेहमी एकत्रच खोडावेत.

भार ऋण असतील तर ही रीत वापरूच नये, कारण एकदा कायम केलेले लेबल नंतर कमी होणार नाही ही तिची हमी भार शून्य किंवा धन असल्यावरच टिकते. फोटोत आकड्यापुढे आडवी रेघ दिसली तर ती ऋण चिन्ह आहे की कडेचाच एखादा तुकडा, हे सुरुवातीलाच ठरवावे. बाण असलेल्या ग्राफमध्ये खरोखरच ऋण भार असल्यास बेलमन–फोर्ड पद्धतीकडे वळावे.

उत्तराचा पडताळा

सगळी कायम लेबले लिहून झाल्यावर एकेक कड घेऊन तिच्या दोन टोकांच्या लेबलांतील फरक पाहावा. बाण नसलेल्या ग्राफमध्ये हा फरक कडेच्या भाराहून जास्त असता कामा नये. आपली लेबले अ ०, ब ४, क ५, ड ११, इ १२, फ १६ अशी आहेत. ड–फ चा फरक ५, भार ६. क–ड चा फरक ६, भार ८. दहाही कडा या कसोटीला उतरतात. शिवाय अ सोडून प्रत्येक नोडसाठी, ज्या नोडवरून लेबल आले त्या कडेवर, फरक आणि भार बरोबर सारखे असले पाहिजेत. १७ वर थांबलेल्या विद्यार्थ्याची चूक येथे लगेच सापडते: इ आणि फ यांच्यातील फरक ५ येतो आणि कडेचा भार ४ आहे.

ही कसोटी यादीतल्या भारांवर चालते, फोटोतल्या नव्हे. ब–क चा १ हा ७ वाचून केलेले सगळे गणित याच कसोटीला निर्वेध उतरते, कारण त्या चुकीच्या ग्राफसाठी ते बरोबरच असते. म्हणून लेबलांचा पडताळा झाल्यावर यादी पुन्हा फोटोशी ताडावी, आणि ती लिहिलेल्या क्रमाने न वाचता शेवटच्या कडेपासून उलट वाचावी. निदान उत्तराच्या मार्गावरील कडांचे आणि त्या मार्गातील नोडना मिळणाऱ्या बाकीच्या कडांचे आकडे फोटो मोठा करून एकदा नीट पाहावेत.