फ्री ट्रायल संपतानाचा मेसेज: या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही बिलिंगचं ॲप चालवतो. चौदा दिवस फुकट, मग दरमहा पैसे. ट्रायल संपत आली की असा मेसेज जायचा:

“प्रिय ग्राहक, आपली फ्री ट्रायल लवकरच संपत आहे. अखंड सेवेसाठी आमच्यासोबत राहा. फक्त 499 रुपये! अधिक माहितीसाठी संपर्क साधा.”

एका अडत्यांचा फोन आला, “अहो, खात्यातून 588 रुपये 82 पैसे गेले. तुम्ही तर 499 म्हणाला होतात.” चूक आमचीच होती. 499 वर 18 टक्के जीएसटी 89.82 रुपये होतो, तो आम्ही धरलाच नव्हता. बँकेच्या मेसेजमध्ये जो आकडा दिसणार, तोच तुमच्या मेसेजमध्ये हवा.

तारखेचा घोळ याहून मोठा. ‘लवकरच’ सोडा, ‘3 दिवसांत’सुद्धा नको, कारण शनिवारी आलेला मेसेज माणूस सोमवारी उघडतो आणि तिथून दिवस मोजतो. 3 मार्चला सुरू झालेली ट्रायल 16 च्या रात्री संपते आणि पैसे 17 ला कापले जातात. या दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा. ‘16 तारखेला रात्री 12’ असंही लिहू नका. ते 15 ची रात्र सरताना की 16 ची, यावरून वाद होतो. 11:59 लिहिलं की प्रश्न मिटतो.

रद्द करायची वाट ‘संपर्क साधा’मागे दडवणं मला अजिबात पटत नाही. बरेच जण ॲप काढून टाकतात आणि निश्चिंत होतात, पण यूपीआय ऑटोपेची परवानगी तशीच राहते आणि पैसे जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते खरी, पण तिच्यात बऱ्याचदा कंपनीचं नोंदणीचं नाव असतं. ॲपचं नाव वेगळं असेल तर ती कुणाची, हे कळत नाही. म्हणून ते नावही आपणच सांगावं.

आता 14 मार्चला सकाळी हा मेसेज जातो:

“17 मार्चला तुमच्या खात्यातून 588.82 रुपये (जीएसटीसह) कापले जातील, नंतर दर महिन्याला तेवढेच. नको असल्यास 16 मार्च, रात्री 11:59 पर्यंत ॲपमध्ये ‘माझा प्लॅन’ उघडून ‘रद्द करा’ दाबा. नुसतं ॲप काढून टाकल्यास पैसे थांबणार नाहीत. बँकेच्या मेसेजमध्ये आमच्या कंपनीचं नाव दिसेल: …”

तारीख आणि रक्कम मुद्दाम सुरुवातीला आहे, कारण मोबाईल न उघडता तेवढंच दिसतं.

पाठवण्याआधी शेजारच्या गाळ्यातल्या दिवाणजींना तो वाचायला दिला, मग मोबाईल उलटा ठेवून विचारलं: किती, कधी, नको असेल तर काय कराल? तिन्ही उत्तरं बरोबर आली. पण त्यांनीच उलट विचारलं, “रद्द केलं तर आधी केलेली बिलं जातील का हो?” ती जात नाहीत. शेवटी एक ओळ वाढवली: “रद्द केल्यावरही तुमची जुनी बिलं ॲपमध्ये पाहता येतील.”