ट्रॅक्टरला एलईडी दिवे: आधी अँपिअरचा हिशोब, मग वायरिंग

पेरणीआधीच्या मशागतीत ट्रॅक्टर रात्रीही चालतो आणि जुन्या हॅलोजनचा पिवळा उजेड अपुरा वाटायला लागतो. एलईडी बसवल्याने अल्टरनेटरवर ताण येतो, असे सर्रास बोलले जाते. नुसते हेडलाइट बदलले तर मात्र होते उलटेच. 55 वॅटचे दोन हॅलोजन काढून 25 वॅटचे दोन एलईडी लावले तर भार निम्म्याहून कमी होतो. ताण येतो तो वीज वाचली म्हणून छतावर, मडगार्डवर आणि मागे आणखी चार दिवे चढवल्यावर, आणि ते चारही हेडलाइटच्याच वायरला जोडल्यावर.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरला 36 अँपिअरचा अल्टरनेटर आहे. आधी हॅलोजन 110 वॅट आणि टेललाइट, मीटरचे दिवे वगैरे 25 वॅट, म्हणजे 13.5 व्होल्टला साधारण 10 अँपिअर लागत होते. आता हेडलाइट एलईडी झाले, 50 वॅट. त्यात 27 वॅटचे चार वर्कलॅम्प वाढले, 108 वॅट. बाकीचे 25 धरून 183 वॅट होतात, म्हणजे साडेतेरा अँपिअरच्या आसपास. 36 च्या मानाने हे कमीच वाटते. पण 36 हा आकडा इंजिन चांगल्या आरपीएमवर असतानाचा. स्लोला अल्टरनेटर त्याच्या निम्मीही वीज देईलच असे नाही, त्यात स्टार्टरने खर्चलेली बॅटरीही भरून काढायची असते. म्हणून सतत चालणारा भार रेटिंगच्या दोन-तृतीयांशापलीकडे नेऊ नये, आणि ट्रॅक्टर स्लोला उभा असताना वर्कलॅम्प बंद ठेवावेत.

खरी काळजी वायरची. हॅलोजनला व्होल्टेज कमी मिळाले की तो मंद होतो आणि करंटही कमी ओढतो. एलईडीच्या आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारे छोटे सर्किट असते. चांगला ड्रायव्हर उजेड कायम ठेवण्यासाठी व्होल्टेज पडले की करंट वाढवून घेतो. त्यामुळे बारीक वायरवर दिवा झगझगीत दिसतो आणि वायर मात्र गुपचूप तापत राहते. वरच्या चार वर्कलॅम्पना मिळून 8 अँपिअर लागतात. जाण्या-येण्याची मिळून 8 मीटर वायर 1 चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या जवळपास गळते. 2.5 ची तांब्याची वायर घेतली तर ती गळती अर्ध्या व्होल्टवर येते. दुकानदार बारीक वायरच "चालेल" म्हणाला तरी 2.5 चीच घ्या.

जोडणी रिलेतून करा. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर आधी फ्यूजमध्ये आणि मग रिलेच्या 30 क्रमांकाच्या टर्मिनलला. 87 वरून दिव्यांकडे. 85 ला अर्थ आणि 86 ला डॅशबोर्डवरच्या स्वतंत्र स्विचची वायर. अशाने स्विचमधून नगण्य करंट जातो आणि मूळ वायरिंगला धक्का लागत नाही. 8 अँपिअरला 15 अँपिअरचा फ्यूज योग्य, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारे काहीच नसते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणे म्हणजे वायरलाच फ्यूज करून टाकणे. आधी ती कुठे घासली आहे ते शोधा. मायनससाठी गंजलेल्या मडगार्डच्या बोल्टवर विसंबू नका, वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. वायर रबरी ग्रोमेटमधून आणि सायलेन्सरपासून लांबून जाऊ द्या.

बसवून झाल्यावर मल्टिमीटरने तपासा. सगळे दिवे लावून, इंजिन कामाच्या आरपीएमवर ठेवून बॅटरीवर 13.5 ते 14.4 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर पुरतो आहे. 13 च्या खाली राहून हळूहळू उतरत असेल, तर बॅटरी रिकामी होत आहे. मग आधी अल्टरनेटरचा बेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल पाहा, ते ठीक असतील तर दिवे कमी करा. नंतर हेच माप दिव्याच्या टर्मिनलवर घ्या. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर, अर्थिंग किंवा सैल जोड यांपैकी काहीतरी खराब आहे. अर्धा तास काम करून फ्यूज होल्डर आणि रिलेला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर जोड सैल आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नका. त्या क्षणी उठणारा व्होल्टेजचा झटका एलईडी ड्रायव्हर आणि अल्टरनेटरचे डायोड दोन्ही जाळू शकतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करतानाही आधी इंजिन बंद करून बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा.